दिग्दर्शनाच्या कोर्सचा अर्ज: टीप आधी लिहा, निवेदन नंतर

प्रश्न: ‘मी ऐरोलीत राहते, बी.कॉम. झालंय, सध्या एका अकाउंटंटकडे काम करते. दिग्दर्शनाच्या कोर्सला अर्ज करतेय. ८०० शब्दांचं पर्सनल स्टेटमेंट आणि पोर्टफोलिओसोबत ४०० शब्दांची नोट मागितली आहे. माझ्याकडे फोनवर केलेली ९ मिनिटांची एक शॉर्ट फिल्म आहे (रात्रपाळीहून येणारे बाबा आणि सकाळी कामाला निघणारी मुलगी, दोघांची गाठ रोज फक्त दारात पडते). शिवाय कॉलेजात बसवलेली एक एकांकिका, मैत्रिणीच्या लग्नाचा व्हिडिओ आणि बरेच फोटो आहेत. स्टेटमेंट तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा ‘लहानपणापासून सिनेमाची आवड’ यावरच येऊन थांबलं. नेमकं लिहायचं काय?’

तुमची भाषा कमी पडत नाहीये. तुम्ही ‘मला हा कोर्स का हवाय’ या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसता, आणि त्याला आवडीशिवाय दुसरं उत्तर सापडणं अवघड आहे. वाचणाऱ्याला मात्र दुसरंच काही शोधायचं असतं. छायाचित्रणाला अर्ज करणाऱ्याचं काम फ्रेममध्ये दिसतं, संकलनाला अर्ज करणाऱ्याचं कटमध्ये दिसतं. दिग्दर्शनाच्या उमेदवाराची पंचाईत अशी की फ्रेम छान असेल तर ती कॅमेरा धरणाऱ्या मित्राची असू शकते, अभिनय छान असेल तर तो नटाचा असू शकतो. तुमचं स्वतःचं काम म्हणजे घेतलेले निर्णय, आणि ते पडद्यावर सुटे दिसत नाहीत, कारण तुम्ही कोणते पर्याय बाजूला ठेवले हे बघणाऱ्याला कधीच कळत नाही. हे दोन कागद मागतात ते त्यासाठी. टिपेत तुमचे निर्णय दिसायला हवेत आणि निवेदनात ते निर्णय घेणारी नजर दिसायला हवी.

काही गोष्टी तुम्ही कुठे अर्ज करताय त्यावर ठरतील. प्रत्येक संस्थेची रीत वेगळी असते. कुठे लेखी परीक्षेची चाळणी आधी आणि मुलाखत नंतर, कुठे निवेदन आणि पोर्टफोलिओ अर्जासोबतच. शब्दमर्यादा, फिल्मची लांबी, कामांची संख्या हे सगळं त्या वर्षीच्या माहितीपत्रकात असतं तसंच पाळा, मागच्या वर्षी कुणी काय पाठवलं त्यावर जाऊ नका. निवेदन कधीही द्यायचं असलं, तरी मुलाखतीत समोरच्यांच्या हातात तोच कागद असण्याची शक्यता धरून चाला. त्यात लिहिलेल्या प्रत्येक वाक्यावर पाच मिनिटं बोलता आलं पाहिजे.

माझा पहिला सल्ला क्रमाचा आहे. निवेदन बाजूला ठेवा आणि आधी टीप लिहा. टिपेसाठी तुमच्या हातात ठोस वस्तू आहे, फिल्म. ती तपासताना जे सापडेल त्यातून निवेदनाचा निम्मा मजकूर आपोआप निघेल. उलट क्रमाने गेलात की निवेदन हवेत लिहिलं जातं आणि टीप म्हणजे नुसती कामांची यादी होते.

फिल्म लावा आणि हातात वही घेऊन बसा. जिथे जिथे तुम्ही काही ठरवलं होतं तिथे थांबवा आणि चार गोष्टी लिहा: वेळ (म्हणजे ०४:१० असं), काय केलं, त्याऐवजी काय करता आलं असतं, आणि हेच का केलं. पहिल्या फेरीत बरंच निघेल, त्यातलं पुष्कळ किरकोळ असेल. मग एकेकाला विचारा, हा निर्णय बदलला असता तर गोष्टीचा अर्थ बदलला असता का? साडीचा रंग निळा ठेवला हा निर्णय खरा, पण लाल ठेवून काही बिघडलं नसतं तर तो टिपेत नको. या प्रश्नातून दोन किंवा तीन निर्णय टिकतील. टिपेला तेवढे पुरतात.

‘का’ या रकान्यात सगळ्यात जास्त गफलत होते. ‘क्लोजअप घेतला कारण भावना पोचवायची होती’ हे कारण जगातल्या कुठल्याही क्लोजअपला लागू पडतं, म्हणून ते कारणच नाही. कारण तुमच्या गोष्टीतून आलं पाहिजे. एवढ्याशा घरात दोन माणसं एकमेकांना न भेटता राहतात हा तुमच्या फिल्मचा गाभा असेल, तर प्रत्येक ‘का’ त्या गाभ्याला कुठेतरी चिकटायला हवा. चिकटत नसेल तर निर्णय सवयीने घेतला होता असं समजा आणि टिपेतून वगळा.

यानंतरची अवघड जागा म्हणजे फिल्ममध्ये काय जमलं नाही ते. हे लिहायचं का? लिहायचं, कारण स्वतःचं काम तटस्थपणे बघता येतं की नाही हे त्यातूनच कळतं. पण जवळपास सगळे इथे तांत्रिक उणीव सांगतात: आवाज नीट आला नाही, लाइट कमी पडले, बजेट नव्हतं. ठाणे-बेलापूर रोडला लागून घर असेल तर रात्रभर ट्रकचा आवाज येणारच, त्यात दिग्दर्शक म्हणून तुम्ही कुठे चुकलात ते कळत नाही. दिग्दर्शनाची चूक वेगळी दिसते. जे नजरेतून कळत होतं तेच पुढच्या वाक्यात पात्राच्या तोंडून वदवलं. किंवा नटाला ‘दुःखी दिस’ असं सांगितलं, कृती दिली नाही. किंवा प्रसंगाचा जीव दारात होता आणि कॅमेरा आत ठेवला. अशी एक चूक निवडा, तिची वेळ लिहा, आणि आज काय कराल ते एका वाक्यात लिहा. चुकीपेक्षा हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं.

आता नमुना बघू. तुमच्या फिल्मचे तपशील मला माहीत नाहीत, तेव्हा खालचे मी उदाहरणापुरते भरलेत. तुम्ही तुमचे खरे टाका. आधी बहुतेक अर्जांत असतं तसं:

‘ही फिल्म मध्यमवर्गीय कुटुंबातील नातेसंबंधांवर हृदयस्पर्शी भाष्य करते. धावपळीच्या जीवनात हरवलेला संवाद यात मांडला आहे. मर्यादित साधनांत, फोनवर, अवघ्या दोन दिवसांत आम्ही ती चित्रित केली. अनेकांनी तिचं कौतुक केलं.’

यात फिल्म कशावर आहे ते कळलं, तुम्ही काय केलं ते कुठेच नाही. ‘हृदयस्पर्शी’ हे बघणाऱ्याने म्हणायचं. तीच नोंद अशी होऊ शकते:

‘कालावधी ९ मिनिटं, फोनवर चित्रित. लेखन, दिग्दर्शन, संकलन माझं. कॅमेरा आणि ध्वनी दोन मित्रांनी सांभाळला. नट दोघंही हौशी.

वडील आणि मुलगी ०७:२० पर्यंत एका फ्रेममध्ये येत नाहीत. पहिल्या दिवशी मी दोघांचे क्लोजअप घेतले होते. बघितल्यावर लक्षात आलं की चेहरे जवळून दिसतात पण घर दिसेनासं होतं, आणि घर अपुरं आहे हीच तर गोष्ट होती. दुसऱ्या दिवशी कॅमेरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर कायमचा लावला. तिथून बाहेरच्या खोलीतली एकच कॉट दिसते. रात्री तिच्यावर मुलगी झोपते, दिवसा वडील. ०२:४० ला ती उठते, चादर झटकते आणि उशी पालथी करून ठेवते, बाबांना थंड बाजू मिळावी म्हणून. त्याबद्दल संवाद ठेवला नाही.

०६:०५ ला मुलगी मैत्रिणीला फोनवर सांगते, “आमची भेटच होत नाही गं.” उशीच्या शॉटवर मी विश्वास ठेवायला हवा होता. आज मी हा फोन काढून टाकेन आणि त्या जागी मुलगी निघाल्यावरची रिकामी कॉट दहा सेकंद तशीच दाखवेन.’

पहिल्या ओळीत कोणी काय केलं ते स्पष्ट आलं आणि मित्रांचं श्रेयही आलं, त्यामुळे उरलेलं तुमचं हे न सांगता कळतं. टाकून दिलेला पर्याय आला, टाकण्याचं कारण गोष्टीतून आलं, आणि उशीसारखी एक वस्तू आली. फिल्म बघताना वाचणारा त्या उशीची वाट बघेल. टिपेची ताकद ही आहे: ती फिल्मच्या आधी वाचली जाते, म्हणून बघणाऱ्याची नजर कुठे जावी हे तुम्ही ठरवू शकता. त्यासाठी फिल्ममध्ये ते खरोखर असायला हवं. टिपेत उशी आहे आणि पडद्यावर ती अंधारात दिसतच नाही, असं झालं तर टीप तुमच्याच विरोधात जाते. लिहिल्यावर ती वेळ पुन्हा लावून बघा.

एक गोष्ट मराठीत काम करणाऱ्यांनीच सांभाळायची असते. अर्ज तपासणाऱ्या सगळ्यांना मराठी कळेलच असं नाही, तेव्हा इंग्रजी सबटायटल लागणार. पण समजा तुमच्या फिल्ममधली मुलगी बाबांना सगळीकडे ‘तू’ म्हणते, ‘बाबा, डबा घेतलास का’, आणि शेवटच्या भांडणात एकदम ‘तुम्ही झोपा आता’ म्हणते. मराठी माणसाला त्या एका शब्दात दार आपटल्याचा आवाज येतो. इंग्रजी सबटायटलमध्ये दोन्हीकडे एकच सर्वनाम येणार आणि तुमचा सगळ्यात चांगला निर्णय वाहून जाणार. म्हणून टिपेत एक ओळ खर्चून तो सांगा: ०७:५० ला मुलगी पहिल्यांदा वडिलांना आदरार्थी संबोधते आणि इथे आदर म्हणजे दुरावा. सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये न देता चित्रावरच कायमचे बसवा, कारण वेगळी फाइल समोरच्याकडे चालू न होण्याची शक्यता असते.

आता बाकीची कामं. ४०० शब्दांत फिल्मला २०० ते २२० द्या, उरलेले एकांकिकेला आणि हवं तर फोटोंना.

एकांकिका वगळू नका. ती दिग्दर्शनच आहे, आणि ठाण्यात-नवी मुंबईत स्पर्धेच्या एकांकिका करून आलेल्या मुलांकडे नटांसोबत महिनाभर तालीम करण्याचा जो अनुभव असतो तो नुसत्या शॉर्ट फिल्म करणाऱ्यांकडे सहसा नसतो. पण प्रयोगाचं पूर्ण रेकॉर्डिंग पाठवू नका. मागच्या रांगेतून एका जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेलं नाटक पडद्यावर मेलेलं दिसतं, आवाजही घुमतो. एक प्रसंग निवडा, दोन-तीन मिनिटांचा तुकडा द्या, आणि टिपेत तालमीत काय बदललं ते लिहा: आधी दोन पात्रं समोरासमोर उभी होती, मग एकाला पाठमोरं बसवलं, त्यामुळे काय झालं. रंगमंचाचा हाताने काढलेला नकाशा आणि त्यावर पात्रांच्या हालचालींचे बाण असा एक कागद जोडता आला तर तो दहा फोटोंपेक्षा जास्त बोलतो. प्रमाणपत्रं आणि करंडक हातात घेतलेले फोटो नकोत. बक्षीस मिळालं असेल तर तेवढं एका ओळीत येऊ द्या.

लग्नाचा व्हिडिओ मी वगळला असता. तिथे प्रसंग ठरलेला असतो, माणसं कुठे उभी राहणार ते भटजी ठरवतात, संगीत मैत्रिणीच्या पसंतीचं. निर्णयाला जागा फार थोडी राहते. दुबळं काम चांगल्या कामाशेजारी ठेवलं की दोन्ही खाली येतात. अपवाद एकच: त्या फुटेजमधून तुम्ही स्वतःसाठी काही वेगळं कापलं असेल, समजा पाठवणीनंतर मांडव उतरवणाऱ्या माणसांची दीड मिनिटं, तर ती जरूर द्या.

फोटोंचं असं आहे की ‘बरेच’ म्हणजे काहीच नाही. ८ ते १० फोटो घ्या, एकाच जागेचे किंवा एकाच माणसाचे, आणि त्यांचा क्रम लावा. दिग्दर्शनाच्या अर्जात सुट्या सुंदर फोटोला फार किंमत नसते. दुसऱ्या फोटोने पहिल्याचा अर्थ बदलला का, हे बघितलं जातं. सूर्यास्ताचे आणि फ्लेमिंगोंचे फोटो गाळा. ते छान असतील, पण खाडीकाठी राहणाऱ्या प्रत्येकाकडे ते आहेत.

एवढं झालं की निवेदन. आता तुमच्याकडे दोन-तीन निर्णय आणि एक चूक आहे. निवेदनात ते जसेच्या तसे उतरवू नका, पण त्यांच्या मागे काय आहे ते शोधा. माझ्या नमुन्यापुरतं बघायचं तर उशी, कॉट, दारातली भेट. तुमचं लक्ष माणसं बोलतात त्यापेक्षा त्यांनी हाताळलेल्या वस्तूंकडे जातं असं दिसतंय. एकांकिकेतही पात्राला पाठमोरं बसवलं असेल तर ओढ तीच, चेहरा न दाखवता सांगायची. तुमच्या खऱ्या कामातून असं काही निघालं तर ते तुमच्याबद्दलचं खरं वाक्य आहे, आणि ‘आवड’ या शब्दापेक्षा कितीतरी नेमकं.

सुरुवात कशी करायची हा मोठा अडसर असतो, त्यासाठी एक सराव सांगतो. रोजच्या एका जागी अर्धा तास उभं राहा. तलावपाळीचा कठडा चालेल, ऐरोली स्टेशन चालेल, तुमच्या सेक्टरचा बसस्टॉप चालेल. वहीत फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं लिहा. ‘एकाकी’, ‘केविलवाणा’, ‘लगबग’ असा निष्कर्ष सांगणारा एकही शब्द वापरायचा नाही. तीन-चार दिवस हे करा. बरंचसं टाकाऊ निघेल, एखादी गोष्ट मात्र घरी आल्यावरही डोक्यातून जाणार नाही. ती घ्या आणि स्वतःला विचारा, कॅमेरा कुठे ठेवीन? कधी सुरू करीन, कधी थांबवीन? उदाहरणार्थ असं काही:

‘ठाण्याहून वाशीला जाणारी गाडी फलाटावर उभी आहे. एका बाईने शेजारच्या सीटवर कापडी पिशवी ठेवली आहे. तिघीजणी विचारून जातात, “कोणी आहे?” प्रत्येकीला ती सांगते, “येतायत.” गाडी सुटते. कोणी आलेलं नाही. ऐरोली जातं. रबाळेला ती पिशवी उचलून मांडीवर घेते आणि उभ्या असलेल्या मुलीला म्हणते, “बस.” हा प्रसंग मी चित्रित केला तर बाईचा चेहरा दाखवणार नाही. कॅमेरा पिशवीच्या उंचीवर राहील आणि विचारणाऱ्या तिघींचे फक्त हात येतील. चेहरा दाखवला तर ती कोणाची वाट बघत होती याचं उत्तर प्रेक्षक तिच्या डोळ्यांत शोधेल. मला त्याने ते रिकाम्या जागेत शोधायला हवं आहे.’

साधारण शंभर शब्दांत बघणं आलं, निर्णय आला, कारण आलं. सिनेमाची आवड आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. मात्र हा माझा नमुना आहे, तो उचलू नका. मुलाखतीत ‘बाईने कसली पिशवी घेतली होती’ असं कोणी विचारलं तर प्रत्यक्ष बघितलेल्या माणसालाच पटकन उत्तर सुचतं.

८०० शब्दांची वाटणी मी अशी करेन. पहिले २०० ते २५० अशा एका निरीक्षणाला. पुढचे ३०० तुमच्या कामाला, म्हणजे फिल्म आणि एकांकिका करताना काय उमगलं, दोन्हींत कोणता धागा सापडला. इथे टिपेतली वाक्यं पुन्हा वापरू नका, दोन्ही कागद एकाच बैठकीत वाचले जातात. त्यानंतर दीडशे-दोनशे शब्द तुम्हाला काय येत नाही आणि ते कोर्समध्ये का शिकायचंय याला. उरलेल्यात तुमची पार्श्वभूमी.

‘काय येत नाही’ हा भाग लोक घाबरून टाळतात किंवा ‘सिनेमाची सर्व अंगं शिकायची आहेत’ असं म्हणून सोडवतात. सर्व अंगं शिकायला सगळेच येतात. तुम्ही नेमकं लिहा: दोन माणसं खोलीत असली की मला जमतं, सहा-सात माणसांचा प्रसंग असला की कोणाकडे बघायचं ते मला ठरवता येत नाही. किंवा, आत्तापर्यंत कॅमेरा एका जागी ठेवूनच काम केलंय, तो हलवायचा कधी याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. अशी उणीव लिहिणारा माणूस वर्गात काय विचारेल ते समोरच्याला दिसतं, आणि त्याला शिकवावंसं वाटतं.

‘हीच संस्था का’ या परिच्छेदात संस्थेचा इतिहास भरू नका. पुण्याची फिल्म संस्था एफटीआयआय १९६० साली सुरू झाली, प्रभातच्या जुन्या स्टुडिओत आहे, कोलकात्याची सत्यजित रे फिल्म संस्था १९९५ साली आली, हे तिथे शिकवणाऱ्यांना तुम्ही सांगायची गरज नाही. त्यापेक्षा अभ्यासक्रमाचं पान उघडा आणि तुमच्या उणिवेशी जुळणारी एक गोष्ट शोधा. पुण्यात दिग्दर्शनाच्या जोडीला पटकथालेखन त्याच अभ्यासक्रमात आहे. ०६:०५ चा तो फोन ही मुळात लिखाणाची चूक असेल, तर दोन्ही एकत्र शिकण्याचं तुमच्याकडे खरं कारण आहे. ते दोन वाक्यांत लिहा.

पार्श्वभूमीबद्दल थोडं सांभाळून. फिल्ममधले बाबा तुमचेच असतील तर ते सांगायचं की नाही हा निर्णय तुमचा. सांगितलंत तर एका साध्या वाक्यात सांगा. घरची ओढाताण, नातेवाइकांचा विरोध, पैशांची चणचण यांचा मोठा परिच्छेद केला की वाचणाऱ्याला तुमच्याबद्दल सहानुभूती वाटते, पण तुम्ही बघता कसं ते कळत नाही आणि शब्द संपलेले असतात. अकाउंटंटकडची नोकरी मात्र लपवू नका. दिवसभर दुसऱ्यांची बिलं आणि पावत्या बघणाऱ्या माणसाला एखाद्या घरात महिनाभरात काय घडलं ते नुसत्या खर्चावरून कळू शकतं. तुम्हाला तसं कधी जाणवलं असेल तर ती बी.कॉम.ची ओळ निवेदनातली सगळ्यात चांगली ओळ होऊ शकते.

आवडत्या दिग्दर्शकांची यादी टाळा. पाच नावं लिहिली की पाचांवर प्रश्न येतात. लिहायचंच असेल तर एका सिनेमातला एक प्रसंग घ्या, तो तुम्हाला कसा बांधलेला दिसला ते तीन-चार वाक्यांत लिहा, आणि लिहिण्याआधी तो पुन्हा बघा. आठवणीतला प्रसंग आणि प्रत्यक्षातला प्रसंग यांत शॉटचा क्रम हमखास उलटा निघतो.

अर्ज इंग्रजीत मागत असतील तरी पहिला खर्डा मराठीतच करा. मग त्याचं शब्दाला शब्द भाषांतर न करता तीच गोष्ट इंग्रजीत नव्याने, छोट्या वाक्यांत सांगा. इंग्रजीत लिहायला लागलं की ‘पॅशन’, ‘जर्नी’, ‘स्टोरीटेलिंग’ हे शब्द न बोलावता येतात. ते दिसले की त्या जागी मराठी खर्ड्यात काय होतं ते बघा. तिथे उशी होती, पिशवी होती. तीच इंग्रजीतही ठेवा.

दोन्ही कागद झाले की फिल्म न बघितलेल्या एका माणसाला फक्त टीप वाचायला द्या. सिनेमावाला नसला तरी चालेल, ऑफिसातली मैत्रीणही चालेल. वाचून झाल्यावर कागद काढून घ्या आणि विचारा, मी काय ठरवलं होतं आणि का? तिने उंबरा आणि उशी सांगितली तर टीप झाली. ती ‘बाप-लेकीच्या नात्यावर छान आहे’ एवढंच म्हणाली तर निर्णय अजून विशेषणांखाली दबलेत, पुन्हा काढा.

शेवटी पाठवण्याचं. मुख्य काम सगळ्यात वर ठेवा, कारण सगळं बघितलं जाईल याची खात्री नसते, आणि फिल्मच्या सुरुवातीला लांबलचक नामावली असेल तर ती शेवटी न्या. फाइल MP4 मध्ये, 1080p पुरेसं आहे, माहितीपत्रकात वेगळं काही सांगितलं नसेल तर. Google Drive ची लिंक देणार असाल तर General access मध्ये ‘Restricted’ बदलून ‘Anyone with the link’ करा. हे राहून गेलं की समोरच्याला परवानगी मागणारं पान दिसतं, आणि प्रत्येक उमेदवाराकडे परवानगी मागत बसायला तिथे कोणाला वेळ नसतो. लिंक तुमच्या फोनवर तपासून उपयोग नाही, तिथे तुम्ही लॉगिन असता. दुसऱ्याच्या फोनवर, खासगी विंडोमध्ये, वायफाय बंद करून उघडा आणि नऊच्या नऊ मिनिटं आवाजासह चालू द्या. मुदतीच्या शेवटच्या दिवसाआधी दोन दिवस हे करा, आणि निकाल लागेपर्यंत ती फाइल त्या जागेवरून हलवू नका, नावही बदलू नका.